मावशीच्या मागची भिंत

स्टुडिओत तिला सगळे खोडरबर म्हणायचे. हे नाव लांब्याने ठेवलेलं. लांब्या म्हणजे तिथला फोटोग्राफर, दारातून आत येताना मान वाकवून यावं लागेल एवढा उंच. तो तिवई लावून फोटो काढायचा आणि ती खुर्चीत बसून त्या फोटोंतली माणसं पुसायची. घर विकणाऱ्यांना माणसं नको असतात. रस्ता हवा, झाड हवं, आभाळ तर हवंच हवं, पण त्या रस्त्यावर कुणी चालत असलं की गिऱ्हाइकाचं मन खट्टू होतं म्हणे. त्याला वाटलं पाहिजे की ही जागा त्याच्याचसाठी राखून ठेवली होती. म्हणून ती पुसायची. तिला या कामाचा पगार मिळत होता आणि ती या कामात वस्ताद होती, आणि या दोन्ही गोष्टींचा तिला तेव्हा अभिमान होता.

बंद पडलेल्या कारखान्यामागच्या खोल्यांचं काम आलं तेव्हा स्टुडिओच्या मालकाने तिला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं.

"लांबलचक पॅनोरमा आहे. विक्री ऑफिसच्या अख्ख्या भिंतीवर लागणार. आधीची जागा अशी होती, आता असं होणार, असं दाखवायचंय बिल्डरला. माणूस एकही नको."

"ती आमच्या मावशीची लाइन आहे," ती म्हणाली.

"मग तर बरंच. ओळखीची जागा, काम लवकर होईल."

एवढंच बोलणं झालं. मालकाला पुढचं काही माहीत होतं का, देव जाणे. न विचारणं हाच त्याचा धंदा होता. आणि खरं सांगायचं तर तिनेही नाही विचारलं. मावशीने तिला लहानाचं मोठं केलेलं, त्याच रांगेतल्या एका खोलीत. आई गेल्यावर मावशी तिला जी घेऊन आली ती पुन्हा कुणाकडे पाठवलीच नाही. मावशी कारखान्यात होती तोवर खोली कारखान्याची, कारखाना बंद पडला तरी मावशी तिथेच. कागद नव्हता. साहेबांनी तोंडी दिलेली खोली, तोंडीच राहिली. निम्मी रांग सोडून गेली होती. उरलेल्यांना सांगितलं होतं की पाहणीच्या दिवशी जो राहता असेल त्याला नव्या इमारतीत खोली मिळेल. मावशी त्या खोलीच्या भरवशावर होती. तिला दुसरं काही नव्हतंच.

फोटो काढून झाल्यावर लांब्याने कॅमेऱ्याचं कार्ड आणून टेबलावर ठेवलं.

"उघड आणि हस," तो म्हणाला.

लांबच लांब रांग एका फोटोत मावत नाही. म्हणून तिवईवर कॅमेरा थोडा थोडा फिरवत एकामागून एक फोटो घ्यायचे, प्रत्येकात आधीच्या फोटोतला तिसरा हिस्सा पुन्हा येईल असे. मग कॉम्प्युटर दोन्हींतल्या सारख्या खुणा शोधतो, फोटो ताणतो, वाकवतो आणि एकमेकांवर बसवून सांधतो. भिंत हलत नाही, म्हणून भिंत बरोबर बसते. माणूस हलतो, आणि तिथेच घोटाळा होतो. त्या दिवशी एक सायकलवाला सायकल हातात धरून नेमका कॅमेऱ्याच्या फिरण्याच्या दिशेने चालत गेला होता. पडद्यावर तो तीनदा आला. एकदा पूर्ण, एकदा फिका, भुतासारखा, आणि एकदा नुसतं मागचं चाक नि अर्धं ढुंगण.

"तिळे," लांब्या म्हणाला. "तिसरा जरा अशक्त आहे."

ती हसली. असले सायकलवाले तिच्या हातचा मळ. लांब्या तिचा विचार करून फिरवून फिरवून तीन फेऱ्या घ्यायचा, उजेडाचं माप एकदा ठरवून तेच ठेवायचा. एका फेरीत सायकलवाला असला तर दुसरीत तीच भिंत मोकळी. ती वाकवलेले सगळे फोटो एकावर एक लेयर करून ठेवायची आणि मास्कने वरचा बाजूला सारून खालची मोकळी भिंत उघडी करायची. सांधा मात्र भिंतीच्या मधून सरळ नाही न्यायचा. मधून नेला की रंगाची पुसट रेघ दिसते, कारण फोटोच्या कडा मधल्यापेक्षा थोड्या काळपट असतात, आणि तेवढ्यात ढग आला असेल तर बघायलाच नको. सांधा न्यायचा पावसाच्या पाइपाच्या कडेने, चौकटीच्या सावलीतून, जिथे डोळ्याला आधीच रेघ अपेक्षित असते तिथून. पाहणाऱ्याला वाटलं पाहिजे की इथे काही झालंच नाही.

दोरीवरच्या कपड्यांनी तिला त्रास दिला. वारा होता. प्रत्येक फोटोत कपडे वेगळीकडे उडालेले, त्यामुळे सांध्यावर बाही एकीकडे आणि खांदा दुसरीकडे. कपडे काढायला तिला कुणीच सांगितलं नव्हतं. पण कापलेली बाही ठेवून काम देणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. तिने दोऱ्याच काढून टाकल्या. रांगेतल्या सगळ्या दोऱ्या, कपड्यांसकट. मग रिकाम्या खिळ्यांना काय अर्थ, म्हणून खिळेही काढले.

मग मावशीची पाळी आली.

मावशी उंबऱ्यावर बसली होती. मागे दार सताड उघडं, आत अंधार. मावशी पहिल्या फेरीत तिथेच, दुसरीत तिथेच, तिसरीतही तिथेच. लांब्या म्हणाला, "ही बाई हललीच नाही रे देवा. मी म्हटलं, आजी, जरा आत जाता का? तर म्हणते, माझ्या दारात मी बसलेय, तुझं काय जातंय?"

"ती मावशी माझी."

"अगं मग सांगायचं ना आधी. तिचा एक चांगला क्लोजअप मारला असता."

"आता काय उपयोग," ती म्हणाली आणि कामाला लागली.

न हलणारा माणूस म्हणजे या धंद्यातली खरी कटकट. त्याच्या मागचं काही कुठल्याच फोटोत आलेलं नसतं. मावशीच्या पाठीमागची चौकट, डावीकडचा भिंतीचा पट्टा, उंबऱ्याचा मधला भाग, हे कॅमेऱ्याने पाहिलंच नव्हतं. ते घडवावं लागणार होतं. कुठून तरी आणून. आणि आणलेलं आणलेलं वाटता कामा नये. रांगेच्या टोकाची खोली उचलून इथे चालत नाही, कारण वाकवलेल्या पॅनोरमात पायरीची सरळ कड धनुष्यासारखी वाकते आणि प्रत्येक खोलीला तिचा वेगळा बाक असतो. म्हणून तिने जवळचीच, दोन दारं पलीकडची भिंत घेतली, तिरकी करून बसवली. उंबरा शेजारच्या खोलीचा घेतला. त्याच्या कडेला एक टवका उडालेला होता. तोच टवका दोन उंबऱ्यांवर दिसला की चोरी उघडी, म्हणून टवका बुजवून तिने दुसरीकडे नवा काढला. भिंतीवरची ओल वेगळी केली. पोपडे हलवले. मावशीची सावली अंगणात लांब पडली होती, ती दगडासकट बदलली. दोन दिवस ती मावशीच्या आजूबाजूला आणि मावशीच्या मागे बघत होती.

संपल्यावर तिने मावशीला फोन केला.

"मावशे, तुला गायब केलं."

"कुठे गं?"

"फोटोत. आता तुझ्या दारात कुणी नाही."

"बरं झालं. तेवढंच भाडं वाचलं," मावशी म्हणाली. "मी काय करत होते त्यात?"

"काही नाही. बसली होतीस."

"नुसती?"

"हो गं. ठेवते, मालक आलेत."

मालकाने पॅनोरमा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवत पाहिला. एवढंच म्हणाला, "एकदम स्वच्छ." मग नेहमीसारखं सगळे लेयर एक करून एकच सपाट फाइल बनवली गेली. बिल्डरच्या अटीप्रमाणे मूळ फोटोंची हार्डडिस्क त्यांच्या माणसाने नेली. कार्ड लांब्याने फॉरमॅट केलं, दुसऱ्या दिवशी त्याला एका हॉटेलचं काम होतं. लेयरवाली फाइल तिने स्वतः डिलीट केली, तिची डिस्क कायम तुडुंब भरलेली असायची. यात कुणाचंही काही चुकलं नाही. रोज असंच चालायचं.

पुढची गोष्ट सांगायला फार वेळ लागत नाही, आणि असल्या गोष्टी घडायलाही फार वेळ लागत नाही. बुलडोझर आला. राहत्या माणसांना आठवडाभर आधी शाळेच्या रिकाम्या वर्गांत हलवलं होतं, मावशी भांडीकुंडी घेऊन भाचीकडे आली. तिची एकच खोली, त्यात दोघींची अंथरुणं टाकली की दार उघडायला आतलं अंथरूण गुंडाळावं लागायचं. मावशी म्हणायची, "थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे. नवी खोली मिळाली की तूच ये माझ्याकडे." रांग जमीनदोस्त झाली. मग यादी लागली. मावशीचं नाव अपात्रांत.

कारण दिलं होतं: पाहणीच्या दिवशी खोली उघडी व रिकामी आढळली, सोबत छायाचित्र. ते छायाचित्र मावशीने घरी आणलं, दिव्याखाली धरलं आणि म्हणाली, "हे आपलंच दार ना गं?"

भाचीने ते हातात घेतलं. मोठ्या पॅनोरमातला कापून घेतलेला तुकडा होता. लांब्याने फोटो काढले तोच दिवस पाहणीचा म्हणून लावला होता. उघडं दार, आत अंधार, कोरडा उंबरा. दोरी नाही, कपडा नाही, खिळादेखील नाही. कुणीतरी दार लावायचीही तसदी न घेता निघून गेलंय असं वाटावं, इतकं ते खरं दिसत होतं. तिला एक क्षण काम आवडलं. मग तिने ते खाली ठेवलं.

"मावशे, हे मी केलंय."

मावशीला पहिल्यांदा कळलंच नाही. कळलं तेव्हा ती ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, "मग अवघड काय आहे? तू काढलंस, तूच सांग की काढलंस."

तिलाही वाटलं, अवघड काय आहे. अपात्रांना हरकत घ्यायची मुभा होती, मावशीने घेतली, सुनावणीची तारीखही मिळाली.

मालकाच्या केबिनमध्ये ती उभी राहिली. त्याने बसायला सांगितलं नाही.

"मूळ फोटो त्यांच्याकडे आहेत. मागून घ्या ना त्यांच्याकडून," ती म्हणाली.

"मी मागू? त्यांची वर्षभराची कामं आहेत आपल्याकडे."

"निदान लिहून द्या की माणसं काढली होती."

"आपण सांधे दुरुस्त केले. पॅनोरमात सांधे दुरुस्त करावेच लागतात. मी एवढंच लिहून देईन."

"मी स्वतः पुसलंय, मालक. माझी मावशी होती तिथे."

"तेच तर," मालक म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका मऊ होता की तिला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली. "मावशी तुझी. तुझ्या बोलण्याला किंमत काय राहणार? माझं ऐक, यात पडू नकोस."

लांब्या जिन्यात भेटला. त्याने घरी जाऊन जुनी कार्डं तपासली होती, फॉरमॅट झालेलं परत मिळवायचं सॉफ्टवेअर चालवून पाहिलं होतं. "हॉटेलचे पलंग निघाले नुसते," तो म्हणाला. "त्याच्यावर किती वेळा लिहिलंय मी. सॉरी, खोडरबर." मग थांबून म्हणाला, "मी येतो हवं तर साक्षीला. पण मला काय विचारतील? एवढ्या लायनी शूट करतो मी. म्हातारी आठवते मला. तीच का, हे शपथेवर कसं सांगू?"

तिने त्याला नको म्हणून सांगितलं. ते तिचं चुकलं, पण तेव्हा तिला वाटलं होतं की तिला त्याची गरज नाही. चित्र होतं ना. चित्रात कुठेतरी तिची चूक असणारच. एवढं मोठं काम, कुठेतरी एक सांधा तुटलेला असेल, एक दगड दोनदा आला असेल, एखाद्या सावलीला धनी नसेल. दुसऱ्याच्या कामात ती असलं काही पाच मिनिटांत पकडायची. चहा पिता पिता म्हणायची, "हे बघ, ढग जुळे." आता स्वतःच्याच कामात शोधायचं होतं.

सुट्टी टाकून, पॅनोरमाची सपाट फाइल घेऊन ती घरी जुन्या लॅपटॉपपुढे बसली. मावशी मागे अंथरुणावर. ती चित्र मोठं करत गेली, इंच इंच पुढे सरकत गेली. पाइपाची कड बघितली. सांधा नव्हता. चौकटीच्या सावलीत बघितलं, नव्हता. आभाळाचा रंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लोण्यासारखा. पायऱ्यांचे बाक एकात एक मिसळलेले. जिथे जिथे तिला वाटायचं की इथे मी घाई केली होती, तिथे तिथे काम चोख निघायचं. तिने स्वतःला शिव्या दिल्या. आयुष्यात एकदा तरी हलगर्जीपणा करायचा होतास. एकदा तरी पाट्या टाकायच्या होत्यास, जगातले सगळे टाकतात तशा.

"सापडलं?" मावशी विचारायची.

"नाही."

"मग चांगलंच केलंयस म्हणायचं," मावशी म्हणायची. टोमणा नव्हता तो. म्हणून जास्त लागायचा.

दुसऱ्या दिवशी मावशी म्हणाली, "तू मला परत का नाही बसवत तिथे? काढता येतं तर घालता पण येत असेल."

"घालता येतं. पण ते खोटं होईल."

"खोटं कसं? मी होते ना तिथे."

याला तिच्याकडे उत्तर एवढंच होतं, की बिल्डरने खोटं चित्र दिलं तर त्याला पुरावा म्हणतात आणि मावशीने खरं चित्र दिलं तर तिला बनावट म्हणून आत टाकतील.

आणि मग संध्याकाळी तिला पाल सापडली.

मावशीच्या दाराच्या डावीकडे, भिंतीच्या अगदी खाली, भिंतीच्याच रंगाची. शेपटीचं टोक मुरडलेलं, एक पाय पुढे. तिने दोन दारं पलीकडे सरकवलं. तीच पाल. तेच टोक, तोच पाय. ओल बदलताना, पोपडे हलवताना तिने ही पाल पाहिलीच नव्हती. पाल पोपड्यासारखीच दिसत होती. तिने ती भिंतीबरोबर उचलून मावशीच्या जागी आणून ठेवली होती.

"मावशे," ती म्हणाली, "पाल बघ. दोनदा आलीय."

मावशीने चष्मा चढवून पाहिलं. "अगं, ही तर आपल्या शेजारच्यांची. रोज तिथेच असायची मेली." आणि दोघी कितीतरी दिवसांनी हसल्या.

सुनावणीची खोली म्हणजे एक लांब टेबल, भिंतीला लावलेल्या फायली आणि एक पंखा, जो चालू होता म्हणजे नुसता आवाज करत होता. टेबलामागे सुनावणी अधिकारी, थकलेला, वाईट नसलेला माणूस. एका बाजूला बिल्डरचा वकील आणि त्याच्याशेजारी मालक, इस्त्रीच्या शर्टात. त्याने तिच्याकडे बघितलं नाही. दुसऱ्या बाजूला मावशी आणि ती. वकील परवडला नव्हता, पण तिला वाटत होतं की लागणारही नाही. तिच्या हातात दोन मोठे प्रिंट होते, दोन पालींचे.

तिने सगळं सांगितलं. फोटो कसे सांधतात, माणूस कसा पुसतात, मागची भिंत कुठून आणतात. अधिकाऱ्याने मन लावून ऐकलं. प्रिंट शेजारी शेजारी ठेवून खरंच वाकून पाहिले.

"दिसतायत खरं सारख्या," तो म्हणाला.

वकील उठला. त्याने मालकाला विचारलं, "एकाच पॅनोरमात एकच वस्तू दोनदा येऊ शकते का?"

"हलणारी असेल तर येते," मालक म्हणाला. "एका फोटोत एकीकडे, पुढच्या फोटोत दुसरीकडे. सायकलवाला तीनदा येतो कधीकधी."

"पाल हलते का?"

"पाल चालते, साहेब."

फायली आणणारा शिपाई हसला. अधिकारीही किंचित हसला. ती म्हणाली, "हलली असती तर शेपूट तशीच कशी राहिली असती? पाय तसाच कसा? आणि दोन पाली यायला त्यांच्या मध्ये फोटोंचा सांधा असावा लागतो. तिथे दोन फोटो एकावर एक येतच नव्हते."

"कुठे येत होते ते दाखवा ना," वकील म्हणाला. "या चित्रात कुठे एक फोटो संपतो आणि दुसरा सुरू होतो, ते बोटाने दाखवा. मग आम्ही मान्य करू."

तिने चित्राकडे पाहिलं. बोट उचललं. पाइपाच्या कडेने नेलं, चौकटीपाशी थांबलं. कुठल्या पाइपाने, कुठल्या चौकटीने, हे आता तिलाही सांगता येत नव्हतं. दिसू नये म्हणून तर तिने जीव ओतला होता. बोट तसंच हवेत राहिलं.

"आणि समजा," वकील आता जवळजवळ समजुतीने बोलत होता, "समजा भिंतीचा तुकडा बदलला. मान्य. तर भिंतीचा तुकडा बदलला एवढंच सिद्ध झालं. तिथे बादली होती की कुत्रं होतं की डाग होता, ते या पालीवरून कसं कळणार?"

हे खरं होतं. पालीला काही माहीत नव्हतं.

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. त्याला मदत करायची होती, हे तिला स्पष्ट दिसलं, आणि पुढे जे झालं ते त्यामुळेच जास्त वाईट झालं. "हे बघा," तो तिला म्हणाला, "तुम्ही म्हणता तुम्ही स्वतः यांना चित्रातून काढलं. दोन दिवस तुम्ही तो भाग बघत होतात. मग त्या दिवशी यांच्या अंगावर कोणत्या रंगाचे कपडे होते? हातात काय होतं? तेवढं सांगा. मी यांना बाहेर पाठवून वेगळं विचारतो. दोन्ही जुळलं तर मी त्याला वजन देईन."

मावशीला शिपायाने बाहेर नेलं. जाताना मावशीने तिच्याकडे बघून मान हलवली, निश्चिंतपणे. लहानपणी पाढे म्हणायला उभी करताना हलवायची तशीच.

ती उभी राहिली. तिला उंबऱ्यावरचा टवका आठवला, मूळ कुठे होता तोही आणि तिने नवा कुठे काढला तोही. चौकटीच्या लाकडाच्या भेगा आठवल्या. ओल कुठवर चढली होती, सावलीची कड कुठल्या दगडावर तुटत होती, पडद्यावर मावशीची बाह्यरेषा कशी होती, एखाद्या डोंगरासारखी, जिच्या कडेने ती मास्क फिरवत होती. त्या रेषेच्या बाहेरचं सगळं तिला तोंडपाठ होतं. आत काही नव्हतं. आत बघायचंच नसतं. जे जाणार आहे त्याकडे कोण बघतं? नजर कायम मागे काय यायला हवं त्यावर.

"निळे," ती शेवटी म्हणाली. मावशीकडे निळे कपडे होते. "हातात काही नव्हतं. नुसती बसली होती."

मावशीला आत आणलं.

"तपकिरी," मावशी म्हणाली. "आणि हातात हिचा स्वेटर होता. लहानपणचा. उसवत होते, लोकर पुन्हा वापरायला. लोकरीचा गुंडा मांडीवर होता, त्या फोटोवाल्या उंच पोराच्या पायापाशी घरंगळला, त्यानेच उचलून दिला."

मावशीने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि काय झालं ते तिला कुणी न सांगता कळलं. अधिकाऱ्याने लिहायला घेतलं. तो म्हणाला, "तुमच्या उंच फोटोग्राफरला आणलं असतं तर," आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. वकिलाने तारीख लांबवायला हरकत घेतली, कारण आजची अखेरची होती. हरकत मान्य झाली. मालकाने टेबलावरचे पालींचे प्रिंट नीट एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या आणि तिच्या बाजूला सरकवले. काम नीट ठेवायची त्याला सवय होती.

बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या. माणसं जात होती, येत होती, कुणी त्यांच्यासमोरून गेलं की मावशी पाय आत घ्यायची.

"मावशे, शिव्या दे मला."

"कशाला?"

"मी तुझ्याकडे बघितलंच नाही."

"कामात होतीस," मावशी म्हणाली. मग थोड्या वेळाने, समोरच्या भिंतीकडे बघत, "पण मी विचारलं होतं गं तुला. फोनवर. मी काय करत होते म्हणून. मला वाटलं, तू ओळखशील स्वेटर."

पुढच्या महिन्यात ती पुन्हा कामावर गेली. भाडं द्यायचं होतं आणि आता खोलीत खाणारी तोंडं दोन होती. मालकाने पगार कापला नाही, उलट एका नदीकाठच्या जागेचं मोठं काम तिलाच दिलं. लांब्याने कार्ड टेबलावर ठेवलं आणि काही विनोद न करता निघून गेला.

पॅनोरमा जुळून पडद्यावर आला. काठावर, भिंतीला टेकून एक म्हातारा बसला होता, तिन्ही फेऱ्यांत, न हलता. तिने त्याला मोठं केलं. या वेळी तिने आधी त्याच्याकडे पाहिलं. टोपी कशी आहे, कानात केस आहेत, एका पायात बूट आहे आणि दुसरा काढून शेजारी ठेवलाय, हातात कसलीशी फांदी, तिचं साल सोलतोय. सगळं पाठ होईपर्यंत ती बघत बसली.

मग मालकाची हाक आली, कुठवर आलंय म्हणून. "होतंय," ती म्हणाली, आणि त्याच्या मागची भिंत कुठून आणता येईल ते शोधायला लागली.